फर्केशन बाधा

दाढेची मुळे जिथे एकमेकांपासून फुटतात, त्या दुभागाला दंतवैद्यकात फर्केशन म्हणतात. हिरड्यांच्या आजारात (बोलीत पायरिया) हाड खचत या दुभागापर्यंत पोहोचले आणि मुळांमधले हाडही झिजले, की फर्केशन बाधा झाली असे म्हणतात. खालच्या दाढांना सहसा दोन मुळे असतात, म्हणून दुभागाची तोंडे गालाकडून व जिभेकडून उघडतात. वरच्या दाढांना बहुधा तीन मुळे असल्याने तोंडेही तीन असतात.

तपासणीसाठी नेबर्स प्रोब हे वाकडे, बोथट टोकाचे उपकरण वापरतात. सरळ प्रोब हिरडी व दात यांच्यामधल्या खिशाची खोली दाखवतो, पण मुळांच्या मध्ये आडवा वळू शकत नाही. वरच्या दाढेचे पुढच्या बाजूचे तोंड टाळूकडे सरकलेले असते, त्यामुळे तिथे टाळूकडूनच शिरावे लागते. गालाकडून चाचपले तर बाधा हमखास निसटते. एक्स-रेवरही एकट्याने विसंबता येत नाही. वरच्या दाढेत टाळूकडचे मूळ दुभागावर पडून पोकळी झाकते.

हॅम्प व सहकाऱ्यांच्या 1975 च्या प्रतवारीत प्रोब आडवा किती शिरतो हे पाहतात. 3 मिमीपेक्षा कमी शिरला तर पहिली श्रेणी. त्याहून अधिक शिरला, पण आरपार गेला नाही, तर दुसरी. आरपार गेला की तिसरी.

समजा, खालच्या पहिल्या दाढेत गालाकडून प्रोब 5 मिमी आत जातो आणि जिभेकडून अजिबात शिरत नाही. ही दुसरी श्रेणी. आधी दाताची नस जिवंत आहे का ते तपासतात, कारण मेलेल्या नसेचा संसर्गही दुभागातले हाड खातो आणि तेव्हा उपाय रूट कॅनॉलपासून सुरू होतो. नस ठीक असेल तर मुळांची खोल सफाई करतात. अडचण इथेच येते: दुभागाचे तोंड अनेकदा 1 मिमीहूनही अरुंद असते आणि मूळ खरवडणाऱ्या क्युरेटचे पाते साधारण तेवढेच रुंद, त्यामुळे ते आत जातच नाही. म्हणून बारीक टोकाचे, कंपनांनी सफाई करणारे अल्ट्रासोनिक उपकरण वापरतात. काही आठवड्यांनी फेरतपासणीत खिसा खोलच राहिला असेल, तर हिरडी उघडून सफाई करतात आणि पोकळीत हाडाची भर घालून वर पडदा बसवतात. शेजारच्या दातांकडचे हाड दुभागाच्या छतापेक्षा वर असेल तरच हाड भरून येण्याची आशा धरावी. पडदा हिरडीबाहेर उघडा पडला तर जंतू शिरतात आणि मिळणारा फायदा घटतो.

पहिल्या श्रेणीत बहुधा सफाई पुरते. तिसऱ्या श्रेणीत हाड परत आणण्याचा भरवसा नसतो. खालच्या दाढेत मुळे पुरेशी फाकलेली असतील तर मधून मोकळा बोगदा ठेवतात. त्यातून इंटरडेंटल ब्रश रोज फिरवावा लागतो, नाहीतर उघड्या मुळांना कीड लागते. दुसरा मार्ग रूट कॅनॉल करून एखादे मूळ कापून काढण्याचा. उरलेल्या मुळांवर चावण्याचा सगळा भार येतो आणि पुढे एखादे मूळ उभे चिरले तर दाढ काढावीच लागते.