मॅन्युअलचा सारांश वेगळा, व्हिडिओची स्क्रिप्ट वेगळी

स्टेप एक, सुरक्षिततेच्या सूचना. स्टेप दोन, मिक्सरच्या भागांची ओळख. स्टेप तीन, वापर आणि स्वच्छता. मिक्सरच्या मॅन्युअलवरून तीन स्टेपच्या व्हिडिओची स्क्रिप्ट मागवली की हमखास हेच हातात पडतं. सोलापुरातल्या दुकानदारांसाठी असले व्हिडिओ लिहिणं आणि दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करणं हे माझं काम आहे. लिहिणारा बदलतो, कंपनी बदलते, हा घोळ काही बदलत नाही. ही स्क्रिप्ट नाही, मॅन्युअलचा सारांश आहे. अनुक्रमणिका मोठ्याने वाचली, एवढंच.

मॅन्युअल कसं असतं ते सांगायला नको. बारीक टाइप, पहिली दोन-तीन पानं इशाऱ्यांची, मग भागांची आकृती, मग भांड्यांचा तक्ता, शेवटी ‘समस्या आणि उपाय’ आणि वॉरंटी. हवं तेव्हा हवं ते पान शोधायचं, यासाठी ते तसं लिहिलेलं असतं आणि त्या कामाला ते ठीकच आहे. सारांशही तसाच, फक्त आखूड. स्क्रिप्ट बोलीभाषेत असते, चित्रं हलती असतात, वेळ कमी असतो, हे फरक कुणालाही दिसतात. त्यांवर मी शाई खर्च करणार नाही.

खरी गोची क्रमात आहे. कागदावर माणूस आधी वाक्य वाचून संपवतो, मग हात हलवतो. व्हिडिओसमोर उभा असलेला माणूस वाक्य चालू असतानाच हात हलवतो. त्यामुळे कागदावर बिनधोक असलेलं वाक्य व्हिडिओत धोक्याचं होऊ शकतं.

उदाहरण म्हणून मिक्सर मध्येच बंद पडतो ते घेऊ. आपल्याकडे हे शेंगाचटणी करताना फार होतं. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, मीठ एकदम भरायचं आणि नॉब सरळ तीनवर. शेंगदाणा सलग फिरला की तेल सोडतो, कूट तळाशी पात्याभोवती घट्ट बसतं, पाती अडते, मोटर जास्त करंट ओढते. मग तळाचं लाल बटण बाहेर येतं आणि मिक्सर गप्प होतो. या बटणाला ओव्हरलोड प्रोटेक्टर म्हणतात. आत एक धातूची पट्टी असते. जास्त करंटने ती तापून वाकते आणि वीज तोडते. म्हणजे मोटर जळलेली नसते, उलट वाचलेली असते. तरी लोक मिक्सर पिशवीत घालून थेट मेकॅनिककडे नेतात, कारण बटण तळाशी आहे हेच माहीत नसतं. तीन स्टेपच्या व्हिडिओला यापेक्षा चांगला विषय नाही.

आता मॅन्युअलमध्ये ही माहिती कुठे असते ते बघा. लाल बटण ‘समस्या आणि उपाय’मध्ये, बहुधा शेवटच्या पानांत. भांडं किती भरायचं ते भांड्यांच्या तक्त्यात. सलग किती वेळ चालवायचा ते तांत्रिक माहितीच्या चौकटीत. बऱ्याच मिक्सरवर ‘५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद’ असं काहीतरी असतं. आणि काहीही हाताळण्याआधी नॉब शून्यावर आणून प्लग काढा, हे अगदी सुरुवातीच्या इशाऱ्यांत. एका अडचणीचं उत्तर चार ठिकाणी विखुरलेलं. सारांश करणारा या चारही ठिकाणांहून थोडं थोडं कापतो आणि तुकडे आपापल्या जागी ठेवतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ते चारही उचलून एका ओळीत लावायचे असतात आणि ती ओळ हाताच्या क्रमाने असते, पानांच्या नाही. बाकीचं जवळपास सगळं मॅन्युअल त्याने बाजूला ठेवायचं.

दुरुस्तीला आलेल्या एका स्क्रिप्टमध्ये हे वाक्य होतं: ‘मिक्सर उलटा करून तळाचं लाल बटण दाबा, मात्र त्याआधी नॉब शून्यावर असल्याची खात्री करा.’ मॅन्युअलमधून जसंच्या तसं उचललेलं. कागदावर त्यात चूक नाही. आता हेच बोलून बघा. ‘दाबा’ ऐकू येईपर्यंत बाईंनी मिक्सर आडवा केलेला असतो आणि बोट बटणावर असतं. नॉब अजून तीनवर, भिंतीवरचं बटण चालू. बोट दाबलं की मोटर त्याच क्षणी पूर्ण वेगात सुरू होते. मिक्सर हातात आडवा, भांड्यातली पाती फिरवणारा वरचा कपलर उघडा आणि फिरता. ‘मात्र त्याआधी’ हे शब्द त्यानंतर कानावर पडतात. बोलण्यात ‘त्याआधी’ला काही किंमत नाही. जे आधी करायचं ते आधीच बोललं पाहिजे, आणि तेही स्वतंत्र कृती म्हणून.

म्हणून इशाऱ्यांची वेगळी स्टेप करणं मला मुळीच मान्य नाही. सुरुवातीला सात इशारे वाचून दाखवले की माणूस ते ऐकतो आणि पुढे सरकवतो. इशारा कामाचा असेल तर तो कृती होऊन आपल्या जागी येतो. ‘पात्याला हात लावू नका’ असं म्हणण्याऐवजी चमच्याने कूट काढताना दाखवा. जो इशारा या कामात कृती होऊ शकत नाही, तो या व्हिडिओचा नाहीच.

दुसरी गोष्ट, स्टेप कुठे संपते. सारांशातली स्टेप विषय संपला की संपते. स्क्रिप्टमधली स्टेप तेव्हा संपते, जेव्हा ओट्यावरच्या मिक्सरकडे बघून ‘झालं’ असं म्हणता येतं. ‘योग्य काळजी घ्या’ याचं झालं की नाही हे कुणाला कळणार? प्लग बाहेर लोंबतोय, हे कळतं. माझ्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक स्टेपच्या शेवटी असं एक दृश्य असतं आणि तिथे कॅमेरा दोन क्षण थांबतो.

वरच्या अडचणीची स्क्रिप्ट मी अशी लिहितो.

स्टेप एक. आवाज: ‘मिक्सर अचानक थांबला? नॉब शून्यावर आणा. भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग काढा.’ तीन वाक्यं, प्रत्येक हात थांबल्यावरच पुढचं. शेवटचं दृश्य: शून्यावरचा नॉब आणि बाजूला काढून ठेवलेला प्लग, एकाच चौकटीत.

स्टेप दोन. आवाज: ‘भांडं काढा. चमच्याने कूट सैल करा आणि अर्ध्याहून जास्त असेल तर बाहेर काढा. आता भांड्याच्या तळाचा कपलर बोटांनी फिरवून बघा.’ कपलर मोकळा फिरला म्हणजे पाती सुटली. फिरत नसेल तर अजून कूट अडकलंय, पुन्हा चमचा घाला. शेवटचं दृश्य: अर्धं भांडं आणि मोकळा फिरणारा कपलर. या स्टेपचा आणखी एक उपयोग आहे, जो मी बोलून दाखवत नाही. लाल बटण लगेच दाबलं तर टिकत नाही, आतली पट्टी गार व्हावी लागते. मॅन्युअल म्हणतं ‘काही मिनिटं थांबा’. व्हिडिओत नुसतं ‘थांबा’ म्हटलं की कुणी थांबत नाही. हाताला काम दिलं की मिनिटं आपोआप जातात. तरीही मॅन्युअलमध्ये वेळ दिली असेल तर तो आकडा पडद्यावर लिहितोच.

स्टेप तीन. आवाज: ‘मिक्सर आडवा करा. तळाचं लाल बटण आत दाबा. आत राहिलं? मिक्सर सरळ ठेवा, भांडं बसवा, प्लग लावा, भिंतीवरचं बटण चालू करा. झाकणावर हात ठेवून नॉब पल्सकडे फिरवा आणि सोडा.’ शेवटचं दृश्य: पात्याभोवती सुटं उडणारं कूट. पल्स म्हणजे नॉब धरला तेवढाच वेळ फिरणारा झटका. शेंगाचटणीला असेच थांबून थांबून झटके द्यायचे. उखळात कुटल्यासारखी जाडसर चटणी येते आणि मोटरवर ताणही येत नाही.

इथे कुणी तरी म्हणेल, तिसऱ्या स्टेपमध्ये कृती सात-आठ झाल्या, मग तीन स्टेप कसल्या? स्टेपमध्ये कृती किती, याला मर्यादा नाही. वीज बंद, भार कमी, पुन्हा चालू, या तीन अवस्था आहेत आणि बघणाऱ्याच्या डोक्यात त्याच राहतात. उलट तीनचा आकडा गाठायचा म्हणून वीज बंद करणं आणि कूट काढणं एकत्र कोंबलं, तर पात्याजवळ हात जाताना प्लग लावलेला राहू शकतो. जिथे अवस्था बदलते तिथेच तोडायचं.

बटण आत राहतच नसेल, तर अजून गार व्हायचंय. अर्धं भांडं असूनही ते पुन्हा बाहेर आलं, नॉब फिरवल्यावर नुसता घुर्र आवाज येऊन पाती हलली नाही, किंवा जळका वास आणि धूर आला, तर हा व्हिडिओ उपयोगाचा नाही. ताबडतोब बंद करून सर्व्हिस सेंटरला न्यायचा. हे एका वाक्यात शेवटी यावं, चौथी स्टेप म्हणून नको. नव्या मिक्सरला पहिल्या काही वेळा मोटरच्या वॉर्निशचा वास येतो आणि तो धोक्याचा नसतो. पण ते या व्हिडिओत घातलंत तर खऱ्या जळक्या वासालाही लोक ‘येतोच की’ म्हणून सोडून देतील. माहिती खरी आहे, जागा चुकीची आहे. ती नवीन मिक्सर लावण्याच्या व्हिडिओत जाईल.

चित्रीकरणाचे दोन हट्ट आहेत. कॅमेरा उभ्या माणसाच्या खांद्यामागून हवा. समोरून घेतलं की उजवं-डावं उलटं दिसतं आणि नॉब भलतीकडे फिरतो. दुसरं, पार्श्वसंगीत नको. लाल बटण बसल्याचा ‘टक’ आणि अडलेल्या मोटरचा घुर्र हे या व्हिडिओतले सगळ्यात महत्त्वाचे आवाज, आणि लोक नेमकी त्यांवर बासरी टाकतात. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरंही भरपूर, त्यामुळे आवाज बंद करूनही तिन्ही शेवटची दृश्यं कळली पाहिजेत. मी स्क्रिप्ट पाठवण्याआधी दृश्यांचा रकाना झाकून फक्त आवाज वाचतो, मग आवाज झाकून फक्त दृश्यं. दोन्ही वेळा प्लग लाल बटणाच्या आधी निघाला, तरच ती शूटिंगला जाते.