लाल ठिपका कोणाचा? लष्करी विमानाचे राष्ट्रीयत्व ओळखताना

लष्करी विमानाच्या पंखांवर आणि धडावर रंगवलेल्या वर्तुळाकार राष्ट्रचिन्हाला राउंडेल म्हणतात. ते वाचताना नुसते रंग पाहून भागत नाही. कोणता रंग बाहेर आहे आणि कोणता केंद्रात, हेही पाहावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश विमानांवर युनियन जॅक रंगवला जात असे, परंतु लांबून त्यातला क्रॉसच तेवढा उठून दिसे आणि जर्मन विमानांवरील क्रॉसशी त्याची गल्लत होऊन जमिनीवरचे सैनिक आपल्याच विमानांवर गोळ्या झाडत. म्हणून 1914 च्या अखेरीस ब्रिटिशांनी फ्रेंच वर्तुळाची पद्धत उचलली, मात्र रंगांचा क्रम उलटा ठेवला: फ्रेंच वर्तुळाच्या केंद्रात निळा रंग आणि बाहेर लाल, तर ब्रिटिश वर्तुळाच्या केंद्रात लाल आणि बाहेर निळा.

हाच लाल केंद्रबिंदू पुढे आशियात धोक्याचा ठरला. जपानी विमानांवर ‘हिनोमारु’ ही भरीव लाल तबकडी असे. अंतर वाढले की बारीक कडी डोळ्यांना वेगळी दिसत नाहीत, आणि क्षणार्धात निर्णय घ्यायचा असताना लाल ठिपका तेवढा लक्षात राहतो. त्यामुळे 1942 मध्ये अमेरिकेने आपल्या पांढऱ्या ताऱ्यातील लाल बिंदू काढून टाकला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिशांनीही लाल रंग वगळला आणि पुढे तेथे गडद निळ्या वर्तुळात फिकट निळे केंद्र असे चिन्ह रूढ झाले. त्या आघाडीवर लढणाऱ्या भारतीय वायुदलाच्या हरिकेन विमानांवरही हेच दुरंगी निळे चिन्ह होते. त्या काळचे छायाचित्र पाहताना लाल रंग न दिसणे हाच आघाडी ओळखण्याचा उत्तम पुरावा असतो, असे मला वाटते.

आजच्या भारतीय राउंडेलमध्ये बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि केंद्रात हिरवा रंग आहे. इटलीच्या चिन्हातही केंद्र हिरवे आणि मधले कडे पांढरे आहे. फरक बाहेरच्या कड्याचा, जे तेथे लाल असते. संध्याकाळच्या तांबूस उजेडात किंवा रंग उतरलेल्या छायाचित्रात हा फरक फसवा ठरतो.

अशा वेळी शेपटीच्या उभ्या भागावरील पट्टे, म्हणजे फिन फ्लॅश, पाहावेत. ब्रिटिश फिन फ्लॅशमध्ये लाल पट्टा नाकाच्या दिशेला असतो, तर फ्रेंच शेपटीवरच्या तिरंग्यात निळा. मात्र शेपटीवरचे प्रत्येक चिन्ह राष्ट्रीयत्व सांगत नाही. इंग्लंडमधील लेकनहीथ तळावरच्या विमानांच्या शेपटीवर ‘एलएन’ ही अक्षरे असतात. ती तळाची खूण आहे आणि विमाने मात्र अमेरिकेची आहेत.

करड्या रंगातील मंद चिन्हांपुढे रंगांचा क्रम निरुपयोगी ठरतो. तेथे आकृतीच कामी येते: ऑस्ट्रेलियाचा कांगारू, न्यूझीलंडचा किवी किंवा कॅनडाचे मेपलचे पान एकाच छटेतही ओळखू येते.