लेबर रूमच्या नोंदींवरून वेळपट्टी : आम्ही घड्याळं कशी जुळवतो

प्रसूतीची फाइल आमच्या दादरच्या ऑफिसात येते तेव्हा एकाच बाळंतपणाची हकीकत पाच कागदांवर विखुरलेली असते : सिस्टरांचा तक्ता, डॉक्टरांच्या नोंदी, ड्रिपचा कागद, बाळाचे ठोके आणि कळा कागदावर छापणाऱ्या सीटीजी मशीनची पट्टी आणि ओटीचं रजिस्टर. त्यातून कळा, पिशवीचं तोंड किती उघडलं, बाळाचे ठोके आणि केलेले उपचार असे चार रकाने एकाच वेळेच्या रेषेवर मांडून देणं हे आमचं काम. नर्सिंग होम्स आपली केस पुन्हा तपासायला आमच्याकडे येतात, वकील येतात, कधी बाळंतिणीच्या घरचेही येतात. तिघांनाही तीच वेळपट्टी मिळते.

नुसतं टायपिंगच ना, असं पुष्कळांना वाटतं. अक्षर लावायला त्रास होतो हे खरं, पण ते जमतं. खरी अडचण घड्याळांची. सिस्टर भिंतीवरचं घड्याळ बघतात, डॉक्टर मोबाइल बघतात आणि सीटीजी मशीन स्वतःच्या पोटातलं घड्याळ पट्टीवर छापतं. मशीनचं घड्याळ शेवटचं कधी लावलं होतं, हे सहसा कुणालाच आठवत नाही.

एक उदाहरण घेऊ. ही केस कुणा एकीची नाही, समजावून सांगण्यासाठी बेतली आहे. पहिलटकरीण, 39 आठवडे पूर्ण. सकाळी 6.30 ला तपासणीत पिशवीचं तोंड 4 सेंटिमीटर. 10.30 ला 5 सेंटिमीटर, पाणी फोडलं, पाणी स्वच्छ, कळा दहा मिनिटांत दोन, प्रत्येकी 30 सेकंद. 11 ला कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप सुरू. दुपारी सीटीजी लावला आणि पट्टीवर कळ ओसरता ओसरता ठोके खाली गेलेले दिसतात. पहिल्या अशा घसरणीपाशी छापील वेळ आहे 12.41. सिस्टरांच्या तक्त्यात मात्र लिहिलंय : ‘1.10, ठोके 100, ड्रिप बंद, डॉक्टरांना फोन.’

दोन्ही वेळा जशाच्या तशा शेजारी मांडल्या तर अर्थ असा होतो की ठोके घसरू लागले आणि 29 मिनिटं कुणी हललं नाही.

आम्ही तिथे थांबतो आणि पट्टीवर पेनाने लिहिलेलं काही आहे का ते शोधतो. या पट्टीवर दोन ठिकाणी आहे. सुरुवातीला पेनाने ‘12.55’, तिथे छापील वेळ 12.32. पुढे ‘डाव्या कुशीवर, 1.15’, तिथे छापील 12.52. दोन्हीकडे फरक 23 मिनिटांचाच. आता फूटपट्टी लावायची. आपल्याकडे पट्टी सहसा मिनिटाला 1 सेंटिमीटर सरकते. या दोन खुणांमधलं अंतर 20 सेंटिमीटर भरलं, म्हणजे 20 मिनिटं, आणि मधे मशीन बंद पडलेलं नाही. अंतर 14 भरलं असतं, तर पट्टी मधे तुटली किंवा थांबली असं धरून आम्ही एकच फरक सगळीकडे लावला नसता.

तेव्हा मशीन 23 मिनिटं मागे होतं आणि पहिली घसरण सिस्टरांच्या घड्याळाने 1.04 ला झाली. फोन 1.10 ला. अंतर 29 मिनिटांचं नाही, 6 मिनिटांचं. उलटही होतं बरं का : मशीन पुढे असेल, तर कागदावर तत्पर दिसणारी केस जुळवणीनंतर उशिराची निघते. निकाल कुणाच्या बाजूने झुकतो ते बघून आम्ही फरक काढत नाही.

डॉक्टरांच्या मोबाइलवर तो कॉल 1.11 चा दिसला. मोबाइलची वेळ सहसा नेटवर्कवरून येते, म्हणून असा एखादा कॉल मिळाला की भिंतीवरचं घड्याळही तपासून होतं. इथे ते मिनिटभरच मागे होतं.

जुळवणीनंतरचा तुकडा असा दिसतो (वेळ 24 तासांची, सिस्टरांच्या घड्याळाने) :

12.30 : कळा ‘चांगल्या’, संख्या लिहिलेली नाही. ठोके 140.
12.55 : सीटीजी सुरू (छापील 12.32).
13.04 : ठोक्यांची पहिली घसरण (छापील 12.41).
13.10 : ठोके 100, किती वेळ ते लिहिलेलं नाही. ड्रिप बंद. डॉक्टरांना फोन.
13.20 : तोंड 7 सेंटिमीटर, पाण्यात पातळ मिकोनियम, म्हणजे बाळाची शी.
13.25 : सिझेरियनचा निर्णय.
13.48 / 13.52 : बाळाचा जन्म (नवजात तक्ता / ओटी रजिस्टर).

जन्माच्या वेळा दोन का ठेवल्या, हे हमखास विचारलं जातं. त्यातली कुठली खरी हे कागदावरून ठरत नाही, म्हणून. निर्णयापासून जन्मापर्यंत एकीने 23 मिनिटं होतात, दुसरीने 27. तसंच ‘चांगल्या’ कळांना आम्ही आपल्या मनाने ‘दहा मिनिटांत चार’ करत नाही. रिकामी जागा रिकामीच राहते, आणि नोंद मागाहून लिहिली असं त्या नोंदीतच म्हटलेलं असेल तर ‘घडल्याची वेळ’ आणि ‘लिहिल्याची वेळ’ वेगळ्या दाखवतो.

ड्रिपचा कागदही फसवा असतो. 500 मिलिलिटरमध्ये 5 युनिट ऑक्सिटोसिन म्हणजे दर मिलिलिटरला 10 मिलियुनिट. या केसमध्ये 11 ला 8 थेंब, 11.30 ला 16, 12 ला 24 थेंब, असं मिनिटाचं प्रमाण लिहिलंय. साध्या सेटचे 20 थेंब म्हणजे एक मिलिलिटर, म्हणून 24 थेंबांचे मिनिटाला 12 मिलियुनिट झाले. पण मायक्रो सेट असेल तर मिलिलिटरला 60 थेंब पडतात, आणि तेच 24 थेंब फक्त 4 मिलियुनिट होतात. तिप्पट फरक! सेट कुठला होता हे कागदावर नसेल तर आम्ही थेंबच लिहितो, मिलियुनिट लिहीत नाही. नर्सिंग होमवाल्यांना एवढंच सांगणं : ड्रिपच्या कागदावर सेटचं नाव एका शब्दात लिहा.

पार्टोग्राफ म्हणजे तोंड किती वेगाने उघडतंय हे दाखवणारा आलेख. त्यावर प्रगती मंदावली का हे दाखवणाऱ्या सावधरेषेचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या आलेखात ती 4 सेंटिमीटरपासून, तासाला 1 सेंटिमीटर या वेगाने जाते. 2020 च्या नव्या तक्त्यात सक्रिय टप्पाच 5 सेंटिमीटरपासून धरलाय आणि ती तिरपी रेषाही नाही. जुन्या आलेखाने आपली ही पेशंट 10.30 ला रेषेच्या तीन तास मागे आहे; नव्याने तिचा सक्रिय टप्पा तेव्हा कुठे सुरू झालाय. फाइलमध्ये जो कागद असेल त्यावरच आम्ही बिंदू मांडतो. हयगय झाली की नाही, हे मत आम्ही देत नाही. ते तज्ज्ञ डॉक्टरांचं काम.

आमच्याकडे कागद आणताना मूळ प्रती आणू नका, फोटो किंवा झेरॉक्स चालते. सीटीजीची पट्टी मात्र झेरॉक्समध्ये लहान-मोठी होते आणि मापं बिघडतात, म्हणून शेजारी फूटपट्टी ठेवून तुकड्यातुकड्याने फोटो काढा. तो कागद बहुधा थर्मल असतो, दिवसागणिक पुसट होतो. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, उष्णतेने पट्टी काळी पडते आणि मग कुणालाच काही वाचता येत नाही.

घरच्यांना रुग्णालयाकडून कागद मिळाले नसतील तर लेखी अर्ज करून पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत ते द्यायचे असतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. अर्जात ‘सीटीजीची पट्टी’ आणि ‘ड्रिपचा तक्ता’ हे शब्द वेगळे लिहा. नुसतं ‘केसपेपर’ लिहिलं की नेमके हेच दोन कागद मागे राहतात.