परस्पर आकलन (शेजारच्या भाषांमधील)

एका भाषेचा माणूस शेजारची भाषा न शिकताच किती समजू शकतो, याला भाषाविज्ञानात परस्पर आकलन म्हणतात. ‘परस्पर’ हा शब्द मात्र फसवा आहे. हे आकलन दोन्ही बाजूंना क्वचितच सारखे असते. डेन्मार्कच्या माणसाला स्वीडिश जितके कळते, तितके स्वीडनच्या माणसाला डॅनिश कळत नाही. पोर्तुगीज आणि स्पॅनिश यांच्यातही पोर्तुगीजभाषकाचे पारडे जड असते. मराठी वाचकाला हे सर्वांत जवळून दिसते ते कोंकणीत. गोव्यातला कोंकणीभाषक मराठी सहज समजतो, पण पुण्याचा किंवा नागपूरचा मराठी माणूस पणजीच्या बाजारात गोंधळतो.

अडचण सगळ्याच शब्दांची नाही. मराठीतल्या पुल्लिंगी शब्दांचा शेवटचा ‘आ’ कोंकणीत बहुधा ‘ओ’ होतो: घोडा–घोडो, आंबा–आंबो, माझा–म्हजो. हा नियम ऐकणाऱ्याच्या कानाला लवकर सापडतो. अडते ते वाक्यावाक्याला येणाऱ्या छोट्या शब्दांपाशी. काय म्हणजे कितें, कुठे म्हणजे खंय, आहे म्हणजे आसा, मी म्हणजे हांव. दोन भाषांची शब्दसूची शेजारी ठेवून समान शब्द मोजले, तर आकडा मोठा येतो आणि प्रत्यक्ष समजणे त्याहून कमी भरते, कारण सूचीत घोडा आणि खंय यांना एकेकच गुण मिळतो, तर बोलण्यात खंय शंभरदा येतो आणि घोडा एखाद्या वेळी.

‘फाल्यां म्हाका नुस्तें जाय’ हे वाक्य घ्या. अर्थ आहे, ‘उद्या मला मासे हवेत.’ मराठी कानाला ‘म्हाका’चा अंदाज येतो. ‘फाल्यां’ (उद्या) अजिबात लागत नाही. उरलेले दोन शब्द तर ओळखीचे वाटून दगा देतात: नुस्तें म्हणजे मासे, पण ऐकू येते ‘नुसते’, जाय म्हणजे हवे, पण मन ‘जाणे’कडे धावते. कोंकणीत जाण्यासाठी ‘वचप’ हे वेगळे क्रियापद आहे, आणि ‘जाता’ म्हणजे ‘होते’. न कळलेला शब्द माणूस विचारून घेतो. चुकीचा कळलेला शब्द मात्र तो विचारत नाही, म्हणून असे शब्द अनोळखी शब्दांपेक्षा जास्त घातक.

याच वाक्याचे मराठी रूप कोंकणीभाषकाला का कळते? ‘मासे’ किंवा ‘हवेत’ हे शब्द अंगचे सोपे आहेत म्हणून नव्हे. गोव्यात मराठी शाळा, भजन-कीर्तन, नाटक आणि १९६२ साली सुरू झालेले ‘गोमन्तक’सारखे दैनिक यांतून ते कानावर पडलेले असतात. उलट दिशेने असा ओघ नाही. याचा पुरावा कोंकणी समाजातच मिळतो: रोमी लिपीत कोंकणी वाचणारा, इंग्रजी शाळेत शिकलेला सासष्टीचा ख्रिस्ती किंवा कन्नड शाळेत शिकलेला मंगळूरचा कोंकणीभाषक मराठीशी सहसा इतका सरावलेला नसतो. आणि मालवणी बोलणारा सिंधुदुर्गातला माणूस, ज्याच्या घरात ‘माका’ आणि ‘खंय’ चालतेच, तो कोंकणी पुणेकरापेक्षा कितीतरी सहज समजतो.

डॅनिशचे कारण निराळे आहे. तिथे लिखाण दोन्ही भाषांत बरेच जवळचे आहे, पण डॅनिश उच्चारात व्यंजने मऊ होतात आणि शब्दांची टोके गिळली जातात. स्वीडिश बोलणारा शब्द बराच लिहिल्यासारखा उच्चारतो, त्यामुळे डॅनिश माणसाला तो ओळखू येतो. उलटे तसे होत नाही.

कारण सरावाचे की भाषेच्या घडणीचे, हे वेगळे करण्याची एक रीत आहे. स्थानिक माणसाने सांगितलेली, ऐकणाऱ्यांना ठाऊक नसलेली दोन-तीन मिनिटांची गोष्ट ध्वनिमुद्रित करतात आणि तिच्यावर दहाएक प्रश्न ऐकणाऱ्याच्या मातृभाषेत विचारतात. आधी ती त्याच गावच्या लोकांना ऐकवून पाहतात. त्यांनाच उत्तरे जमली नाहीत, तर दोष प्रश्नांचा. मग शेजारच्या भाषेच्या लोकांचे गुण पाहायचे, पण केवळ सरासरी नव्हे. सगळ्यांचे गुण जवळजवळ सारखे असतील, तर समजणे भाषांच्या साम्यातून आलेले. कुणाला नऊ आणि कुणाला तीन असतील, तर ते सरावातून, कारण सराव प्रत्येकाचा वेगळा असतो.

‘तुम्हाला कळते का?’ असे विचारून मात्र खरे उत्तर मिळत नाही. भाषावैज्ञानिक हान्स वुल्फ यांनी १९५९ मध्ये नायजेरियातल्या नेम्बे आणि कालाबारी या भाषांबद्दल लिहिले: नेम्बे लोक कालाबारी कळते म्हणत, पण संपन्न कालाबारी लोक नेम्बे कळत नसल्याचे सांगत. त्या उत्तरांत कळण्यापेक्षा प्रतिष्ठाच बोलत होती. समोरासमोरच्या गप्पाही मोजमापाला चालत नाहीत. गोव्यातला दुकानदार पाहुणा मराठी आहे हे ओळखताच ‘जाय’च्या जागी ‘पाहिजे’ घालतो, आणि पाहुण्याला वाटते, आपल्याला कोंकणी समजली.