प्रशासकीय कायद्याची तोंडी परीक्षा: पात्रता, कागदपत्रे आणि एका परवान्यावरून निघणारे प्रश्न

आधी कागदपत्रांचे बघू, कारण त्यात चूक झाली तर पुढची तयारी वाया जाते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार विधी अभ्यासक्रमाच्या परीक्षेला बसण्यासाठी त्या विषयाच्या तासांना 70 टक्के हजेरी लागते. सबळ कारण असेल तर विषयाची हजेरी 65 टक्के असूनही परवानगी मिळू शकते, पण तेव्हा सगळ्या विषयांची मिळून 70 टक्के हजेरी भरावी लागते. याचा अर्ज प्राचार्यांकडे वेळेत द्या आणि आजारपणाचा दाखला सोबत जोडा. तोंडी परीक्षेच्या दिवशी हॉल तिकीट, ओळखपत्र आणि मार्गदर्शकांची सही असलेली प्रकल्पाची किंवा प्रात्यक्षिकाची फाइल जवळ ठेवा. बाकीच्या अटी विद्यापीठाच्या परिपत्रकात असतात, त्या महाविद्यालयाच्या कार्यालयातून पक्क्या करून घ्या. फाइल एकदा स्वतः नीट वाचाच. परीक्षक बहुधा ती उघडूनच पहिला प्रश्न विचारतात, आणि स्वतः लिहिलेल्या पानावर अडखळलेला विद्यार्थी पुढे सावरत नाही.

आता प्रश्नांकडे वळू. प्रत्यायोजित कायदेनिर्मिती, न्यायाधिकरणे, स्वेच्छाधिकार, रिट असा हा विषय पसरलेला आहे. सगळे थोडेथोडे पाठ करण्यापेक्षा एक प्रकरण शेवटपर्यंत सोडवून जावे, असे माझे ठाम मत आहे. परीक्षक फार वेळा नैसर्गिक न्यायापासून सुरुवात करतात आणि तिथून उरलेल्या विषयांत शिरतात.

असे प्रकरण घ्या. औषध निरीक्षकाने एका औषध दुकानाची तपासणी केली. काही प्रतिजैविकांची खरेदी बिले सापडली नाहीत, असे त्याने अहवालात लिहिले. आठ दिवसांनी दुकानदाराला दोन ओळींचा आदेश आला: ‘अहवाल पाहता आपला परवाना रद्द करण्यात येत आहे.’ नोटीस नाही, सुनावणी नाही. दुकानदार म्हणतो, बिले हिशेबनिसाकडे होती.

पहिला प्रश्न ठरलेला: ‘या आदेशात काय चुकले?’ इथे बहुतेक विद्यार्थी नैसर्गिक न्यायाची व्याख्या सुरू करतात. तसे करू नका. आधी कायदा काय म्हणतो ते सांगा. औषधे नियम, 1945 मधल्या नियम 66 प्रमाणे परवाना रद्द करण्यापूर्वी कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते आणि आदेश लेखी व सकारण असावा लागतो. म्हणून उत्तर असे: ‘सर, नियम 66 चा दोन ठिकाणी भंग झाला आहे. संधी दिली नाही आणि आदेशात कारणे नाहीत. त्यामुळे आदेश टिकणार नाही.’ इतके बोलून थांबा. पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या.

तो असा येतो: ‘समजा नियमात सुनावणीचा उल्लेखच नसता, तर?’ आता तत्त्व सांगायची वेळ. कायदा गप्प असला तरी, ज्याच्या हक्कावर घाला पडतो त्याचे म्हणणे ऐकावे लागते. याला मेनका गांधी निकाल, 1978 हा आधार द्या, पण नुसते नाव घेऊन सोडू नका. पासपोर्ट जप्त केला, कारणे द्यायला सरकारने नकार दिला, आणि जप्तीआधी सुनावणीची तरतूद कायद्यात नव्हती, हे एका वाक्यात सांगा. तथ्य सांगितले की निकाल वाचला आहे हे परीक्षकाला कळते. ‘पण परवाना रद्द करणे हे प्रशासकीय कृत्य आहे, अर्धन्यायिक नाही’ असा फाटा फुटला तर क्रैपाक निकाल सांगा. त्यात वनसेवेच्या निवडीसाठी उमेदवार असलेला अधिकारी स्वतःच निवड मंडळावर बसला होता. स्वतःच्या नावाच्या वेळी तो उठला, पण प्रतिस्पर्ध्यांची नावे आली तेव्हा मंडळावर होता. न्यायालयाने ती निवड रद्द केली आणि नैसर्गिक न्याय प्रशासकीय कृत्यांनाही लागतो असे म्हटले.

मग उलट बाजूचा प्रश्न येतो, आणि खरी परीक्षा इथे होते: ‘औषध विषारी असेल तर नोटिशीची वाट पाहायची का?’ नाही. तातडी असेल तर आधी कृती आणि नंतर सुनावणी चालते. पण तात्पुरता उपाय आणि अंतिम आदेश यांत फरक करा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 22 खाली निरीक्षक साठा विकू नका असा लेखी आदेश 20 दिवसांपर्यंत देऊ शकतो, त्यामुळे धोका तिथेच थांबतो. परवाना कायमचा रद्द करायला तेवढी घाई लागत नाही, आणि इथे तर प्रश्न फक्त बिलांचा आहे. ‘स्वदेशी कॉटन मिल्स’, 1981 मध्ये न्यायालयाने म्हटले आहे की आधी ऐकणे हाच नियम, नंतर ऐकणे हा अपवाद.

‘नोटीस दिली असती तरी परवाना रद्दच झाला असता ना?’ हा सापळा आहे. ‘भंग झाला म्हणजे आदेश आपोआप रद्द’ असे बोलू नका. अलीकडच्या निकालांत, विशेषतः सुधीर कुमार सिंह, 2020 मध्ये, भंगामुळे प्रत्यक्ष नुकसान झाले का हे पाहिले जाते. तथ्ये मान्यच असतील तर सुनावणी न दिल्याने फारसे बिघडत नाही. आपल्या प्रकरणात तथ्यच वादात आहे. बिले आहेत असे दुकानदार म्हणतो, आणि ती दाखवायची संधीच त्याला मिळाली नाही. हेच त्याचे नुकसान, असे उत्तर द्या.

सरकारने न्यायालयात प्रतिज्ञापत्रात सविस्तर कारणे दिली तर? चालत नाही. मोहिंदर सिंह गिल, 1978 प्रमाणे आदेशाची वैधता त्यातल्या कारणांवरच ठरते, मागाहून नवी कारणे जोडता येत नाहीत.

‘नियमातच राज्य सरकारकडे तीन महिन्यांत अपील आहे. मग थेट उच्च न्यायालयात कसे जाल?’ व्हर्लपूल, 1998 आठवा. मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारक्षेत्र नसणे किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान, या प्रसंगी पर्यायी उपाय असूनही अनुच्छेद 226 खाली याचिका ऐकता येते. ‘ऐकता येते’ हे शब्द जपून वापरा, कारण ऐकायचे की नाही हा न्यायालयाचा विवेक आहे. ‘ऐकावीच लागते’ म्हणालात की परीक्षक तिथेच पकडतात.

एखाद्या निकालाचे नाव आठवले नाही तर अंदाजाने दुसरे ठोकू नका. ‘नाव आठवत नाही, पण त्यात नोटिशीत काळ्या यादीत टाकण्याचा उल्लेख नव्हता म्हणून कारवाई रद्द झाली होती’ असे तथ्य सांगा. बहुतेक परीक्षकांना ते पुरते.

शेवटी अनेकदा विचारतात, ‘याचिका मान्य झाली, मग दुकानदार सुटला का?’ नाही. अशा वेळी न्यायालय सहसा आदेश रद्द करते आणि प्रकरण अधिकाऱ्याकडे परत पाठवते. त्याने नवी नोटीस द्यावी, अहवालाची प्रत द्यावी, बिले पाहावीत आणि कारणांसह निर्णय घ्यावा. बिले खोटी निघाली तर परवाना पुन्हा रद्द होऊ शकतो, आणि तो आदेश टिकेल.