तीन मूल्यं पटकन लिहून होतात, अडतं ते "का?" पाशी

विद्यार्थ्यांच्या हातात कोरा कागद दिला आणि सांगितलं की तुझी तीन मुख्य मूल्यं लिही, तर बहुतेकांचं दोन मिनिटांत लिहून होतं. प्रामाणिकपणा, मेहनत, कुटुंब. किंवा आदर, शिस्त, मैत्री. मग पुढचा प्रश्न विचारायचा की हीच का, आणि इथे पेन थांबतं. मी हा एक्सरसाइज बऱ्याच मुलामुलींकडून करून घेतलाय आणि हे थांबणं दर वेळी बघितलंय, आणि त्यात त्यांची काही चूक नसते, असं का होतं याच्यावर चांगलं संशोधन झालेलं आहे.

ग्रेगरी मेयो आणि जेम्स ओल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडलं की बरीचशी मूल्यं आपल्या डोक्यात गृहीत सत्यासारखी बसलेली असतात. म्हणजे सगळ्यांना मान्य, कुणी कधी वाद घातला नाही, म्हणून आपण त्याची कारणं कधी जमवलीच नाहीत. त्यांच्या प्रयोगांत लोकांना स्वतःच्या मूल्यांची कारणं तपासायला लावली की त्यांनी आधी दिलेलं महत्त्व हलायचं, कधी वर कधी खाली. मूल्याला कारणांचा भक्कम पाया आधीपासून असता तर ते इतकं हललं नसतं. नंतर २००१ मध्ये मेयो आणि सहकाऱ्यांनी समानतेच्या मूल्यावर आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते: ज्यांना समानता का महत्त्वाची याची कारणं आठवायला लावली होती ते दोन गटांत काही वाटायची वेळ आल्यावर जास्त समान वागले. म्हणून हा एक्सरसाइज घेताना माझा जवळपास सगळा वेळ कारणांवर जातो, नावं निवडण्यावर थोडाच.

सुरुवात शब्दांच्या यादीने करायची नाही. यादी समोर आली की मुलं चांगले दिसणारे शब्द उचलतात. आधी दहा-पंधरा मिनिटं तीन प्रसंग लिहायचे, स्वतःचे आणि खरे घडलेले. एक असा की ज्यात खूप राग आला आणि तो लगेच गेला नाही. दुसरा असा की ज्यात कुणी बघत नव्हतं, मार्क नव्हते, तरी मस्त वाटलं. आणि तिसरा असा की ज्याची अजून थोडी लाज वाटते. प्रत्येकी पाच-सहा ओळी पुरतात, शुद्धलेखन बघायचं नाही, आणि हा कागद कुणी वाचणार नाही हे आधीच सांगायचं आणि खरंच वाचायचा नाही. ज्याला स्वतःहून दाखवावासा वाटेल तो दाखवेल.

त्यानंतर यादी. साधारण तीस शब्द पुरे, त्यातून दहा, दहातून पाच, पाचातून तीन. दहापैकी किती महत्त्वाचं असे मार्क द्यायला सांगू नका, कारण मग सगळ्यालाच नऊ आणि दहा पडतात आणि कळत काहीच नाही. मिल्टन रोकीच यांनी १९७३ मध्ये मूल्यांवरचं जे गाजलेलं काम मांडलं त्यात माणसाला १८-१८ मूल्यांच्या दोन याद्या क्रमाने लावायला लागायच्या, एकाला वर घ्यायचं तर दुसऱ्याला खाली ढकलावंच लागतं. तो त्रास गरजेचा आहे, त्या ढकलाढकलीतच माणूस विचार करायला लागतो.

आता एक केस नीट बघू. सोळा वर्षांची एक मुलगी, तिची पहिली तीन होती प्रामाणिकपणा, मेहनत आणि कुटुंब. पहिला ड्राफ्ट असा: "प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे कारण माणसाने नेहमी खरं बोलावं. मेहनत महत्त्वाची आहे कारण मेहनतीशिवाय यश मिळत नाही. कुटुंब महत्त्वाचं आहे कारण ते नेहमी आपल्यासोबत असतं." यात चुकीचं काही नाहीये पण यात ती कुठेच नाहीये, हा कागद वर्गातल्या कुणाचाही असू शकतो. पहिलं कारण गोल फिरतं, म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगतं. दुसरं कारण खरं तर यशाबद्दल आहे, उद्या मेहनतीशिवाय यश मिळालं तर मेहनत सोडशील का असं विचारलं की ते गळून पडतं. आणि कुटुंब हे मूल्य म्हणून अजून अर्धवट आहे, कारण कुटुंबात नक्की काय महत्त्वाचं, विश्वास, काळजी, एकत्र असणं, की कुणी आपल्याला गृहीत न धरणं, हे त्यात येत नाही.

मग तिचे प्रसंग घेतले. रागाचा प्रसंग ग्रुप प्रोजेक्टचा होता. चौघं होते, एकाने काहीच केलं नाही, शेवटी चारही नावं लागली आणि चौघांना सारखे मार्क, ही दोन दिवस धुसफुसत होती. तिने त्याच्यापुढे लिहिलं होतं "प्रामाणिकपणा", कारण तो खोटं वागला. इथे मी जी युक्ती वापरते ती अगदी साधी आहे: प्रसंगातली एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं की भावना तशीच राहते का. समजा त्या मुलाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं असतं की मी काही केलं नाही, आणि तरी त्याला सारखेच मार्क मिळाले असते, तर? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, मग तर मला अजून राग आला असता. म्हणजे खोटेपणाने राग आलाच नव्हता, तो वाटणी चुकीची झाली म्हणून आला होता. शब्द बदलला: न्याय.

दुसरा प्रसंग सायकलचा. सायकलची चेन सारखी उतरायची, चार संध्याकाळी बसून तिने ती स्वतः ठीक केली, कुणाला सांगितलं पण नाही. हे तिने मेहनतीखाली टाकलं होतं. पुन्हा तेच, एक गोष्ट बदल. समजा तितक्याच चार संध्याकाळी बसून तू कुणाच्या तरी नोट्स उतरवून काढल्या असत्या तर असंच मस्त वाटलं असतं? अजिबात नाही, म्हणाली, ते तर मला जाम कंटाळवाणं वाटतं. मग चेनमध्ये काय होतं? चेन का उतरते ते तिसऱ्या दिवशी कळलं, तो क्षण. तर ही मेहनत नव्हे, हे स्वतःच्या डोक्याने समजून घेणं आहे, मेहनत त्यासाठी लागली इतकंच. यादीतला "जिज्ञासा" शब्द तिला आवडला नाही, तिने "समजून घेणं" असंच ठेवलं आणि ते मला जास्त बरं वाटलं. यादीतलाच शब्द हवा असा काही नियम नाही.

तिसरा प्रसंग लाजेचा, आणि माझ्या अनुभवात खरी माहिती बहुतेक वेळा इथेच मिळते. तिच्या मैत्रिणीची काही मुलं टर उडवत होती आणि ही शेजारी उभी राहून गप्प बसली. तिने त्याच्यापुढे कुठलंच मूल्य लिहिलं नव्हतं कारण ती तसं वागलीच नव्हती ना. पण लाज वाटते याचाच अर्थ आत काहीतरी मोजमाप आहे आणि आपण त्याला कमी पडलो. तिने कुटुंब खोडलं आणि लिहिलं "पाठीशी उभं राहणं", आणि म्हणाली की घरच्यांबद्दल पण मला हेच म्हणायचं होतं.

आता एक टप्पा जो बरेच जण गाळतात: तिन्ही मूल्यं एकमेकांसमोर उभी करायची. शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये अनेक देशांतल्या माहितीवरून दहा प्रकारची मूल्यं एका वर्तुळात मांडली. शेजारची मूल्यं एकमेकांना साथ देतात आणि समोरासमोरची ओढाताण करतात, उदाहरणार्थ स्वतःचं यश आणि इतरांचं भलं समोरासमोर येतात. न्याय आणि पाठीशी उभं राहणं त्या वर्तुळात शेजारी पडतात, दोन्ही दुसऱ्यांच्या भल्याचीच. पण एक जवळच्या माणसांसाठी आणि दुसरं सगळ्यांसाठी, त्यामुळे एखाद्या प्रसंगात तीही भिडतात. मी तिला विचारलं, काम न करणारा चौथा मेंबर तुझी ती मैत्रीण असती तर? बराच वेळ गेला. मग म्हणाली, आधी तिच्याशी एकटीशी बोलेन, काही अडचण आहे का विचारेन, पण तिने न केलेल्या कामावर तिचं नाव टाकणार नाही. हेच थोडक्यात शेवटच्या ड्राफ्टमध्ये गेलं.

शेवटचा ड्राफ्ट हा: "मला न्याय महत्त्वाचा वाटतो, कारण काम एकाने करायचं आणि श्रेय सगळ्यांनी घ्यायचं हे बघितलं की मला दोन-दोन दिवस चैन पडत नाही, आणि काम करणाऱ्याला पुढच्या वेळी कशाला करू असं वाटायला लागतं. मला स्वतः समजून घेणं महत्त्वाचं वाटतं, कारण जे समजलं ते मी पुन्हा करू शकते, उतरवलेलं विसरते. मला आपल्या माणसांच्या पाठीशी उभं राहणं महत्त्वाचं वाटतं, कारण मी एकदा उभी राहिले नाही. न्याय आणि मैत्रीण यात ओढाताण झाली तर मी आधी तिच्याशी एकटीशी बोलेन, पण खोटी वाटणी करणार नाही." भाषा साधीच आहे पण आता हा कागद फक्त तिचा आहे. आणि तपासणी सोपी आहे: मूल्यांची नावं झाकून फक्त कारणं वाचायची, नाव ओळखता आलं तर कारण नीट आहे, तीन-चार वेगळी नावं बसत असतील तर अजून खणायला लागेल.

यातून काय मिळतं याबद्दल मोठे दावे मी करणार नाही. जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या सातवीच्या वर्गांत असाच छोटा लेखनाचा एक्सरसाइज घेतला होता, आवडतं मूल्य आणि ते का महत्त्वाचं ते लिहायचं, जेमतेम पंधरा मिनिटांचं काम, आणि कृष्णवर्णीय मुलांचे ग्रेड सुधारले, गोऱ्या मुलांशी असलेली दरी जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाली. तुलनेसाठीच्या गटाने आपल्याला बिनमहत्त्वाचं वाटणारं मूल्य घेऊन ते दुसऱ्या कुणाला का महत्त्वाचं वाटेल हे लिहिलं होतं, म्हणजे लिहिलं दोघांनी, फरक फक्त मूल्य स्वतःचं असण्याचा. पण नंतर विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये खूप जास्त मुलांवर हेच करून बघितलं तेव्हा परिणाम बराच लहान निघाला आणि पुढच्या बॅचमध्ये तर जवळपास दिसलाच नाही. ज्या मुलांना आपल्याला कमी लेखलं जाईल अशी धास्ती असते, त्यांच्यावरचा ताण यामुळे हलका होतो असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे, म्हणून सगळीकडे सारखा गुण येईल असं नाही. मार्क वाढतील म्हणून हे करून घेऊ नका, आणि त्या कागदाला मार्क तर मुळीच देऊ नका, मार्क दिले की मुलं पुन्हा चांगले दिसणारे शब्द लिहायला लागतात.

त्या मुलीने कागदावर तारीख टाकली. तिसऱ्या कारणाखाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या, म्हणाली हे कारण अजून अर्धं आहे, पुढच्या वेळी मी काय करते ते बघून लिहीन.