थर्मल पेस्ट व थर्मल पॅड (लॅपटॉपमधील)

लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये व ग्राफिक्स चिपमध्ये निर्माण होणारी उष्णता तांब्याच्या हीटसिंकपर्यंत पोचावी, म्हणून त्या दोहोंच्या मध्ये भरलेले पदार्थ. पेस्ट म्हणजे बहुधा सिलिकोन तेलात झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड घोटून केलेला लेप. पॅड म्हणजे तशीच पूड मिसळलेली मऊ, रबरासारखी पट्टी. ती साधारणपणे ०.५ ते २ मिमी जाडीत मिळते. दोघांचे काम एकच, मधली हवा हटवणे. कितीही घासलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये सूक्ष्म खळगे उरतातच आणि त्यांत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे सुमारे ४०० वॅट, तर हवेची जेमतेम ०.०२६ वॅट आहे.

पेस्ट चांगली की पॅड, हा प्रश्न बहुतेक वेळा पाकिटावरच्या वाहकतेच्या आकड्यावरून सोडवला जातो आणि तिथेच चूक होते. थराची जाडी त्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते. समजा, चिपचा डाय, म्हणजे सिलिकॉनचा उघडा चकचकीत तुकडा, १० × १५ मिमीचा आहे आणि त्यातून ३५ वॅट उष्णता बाहेर पडते. पेस्टची वाहकता ५ आणि दाबाखाली तिचा थर ३० मायक्रॉनचा धरला, तर त्या थरात तापमानाचा फरक सुमारे दीड अंश पडतो. त्याच जागी ६ वाहकतेचा, म्हणजे कागदावर सरस असलेला, १ मिमी जाडीचा पॅड ठेवला तर फरक जवळजवळ ३९ अंशांवर जातो. पॅडची वाहकता दुप्पट केली तरी तो १९ अंशांच्या खाली उतरत नाही. म्हणून डायवर सर्वसाधारण सिलिकोन पॅड लावू नये, हे निःशंकपणे म्हणता येते.

पॅडची खरी जागा डायच्या आजूबाजूला आहे. ग्राफिक्स चिपभोवतीच्या मेमरी चिपा आणि वीजपुरवठ्याचे मॉस्फेट यांची उंची डायइतकी नसते. हीटसिंक आधी डायवर टेकते आणि या भागांवर अर्धा ते दीड मिमी फट राहते. पेस्ट एवढी फट भरून धरू शकत नाही, ती ओघळते किंवा हीटसिंकला पोचतच नाही. याउलट, जाड किंवा कडक पॅड तिथे बसवला तर तो हीटसिंकला टेकू देऊन डायवरून उचलून धरतो. मग मेमरी थंड राहते, पण प्रोसेसर चालू करताच तापतो. घरी केलेल्या दुरुस्तीनंतर लॅपटॉप आधीपेक्षा गरम होऊ लागला, तर पहिला संशय याच चुकीचा घ्यावा.

जुन्या लॅपटॉपमध्ये पेस्ट का निकामी होते, याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तेल हळूहळू झिरपून जाते आणि मागे कोरडी पूड उरते. दुसऱ्या मतानुसार पेस्ट वाळण्याआधीच बाजूला ढकलली जाते. सिलिकॉन एका अंशाला दशलक्षात सुमारे २.६ भाग प्रसरण पावते, तांबे सुमारे १७ भाग. दर तापण्या-निवण्यात डाय किंचित बाक धरतो, सैल होतो आणि मधली पेस्ट कडेला सरकत जाते. डेस्कटॉपच्या चिपेवर धातूचे झाकण असते, लॅपटॉपमध्ये डाय उघडा असतो. त्यामुळे लॅपटॉपपुरते दुसरे मत अधिक पटते. हीटसिंक उचलल्यावर त्याची खूणही दिसते. डायच्या मध्यभागी करडा, अर्धपारदर्शक पापुद्रा उरलेला असतो आणि चारही कडांना पेस्टचा जाड बांध साचलेला असतो. कडेची पेस्ट बोटाला अजून ओलसर लागली, तर वाळणे हे मुख्य कारण नव्हते असे समजावे.

या संदर्भात २००८ सालच्या ग्राफिक्स चिपांचा उल्लेख नेहमी येतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील काही चिपांच्या बांधणीतील साहित्य कमकुवत असल्याचे सांगून त्यांच्या दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. त्या काळच्या काही लॅपटॉपांत ग्राफिक्स चिपेवर पेस्टऐवजी जाड पॅड असे. दुरुस्ती करणारे तो काढून तांब्याची पातळ चकती व तिच्या दोन्ही बाजूंना पेस्ट लावत, आणि तापमान खरोखरच उतरे. यावरून पॅडमुळेच चिपा मेल्या, असा समज पसरला. उपलब्ध माहितीवरून मूळ दोष चिपेखालच्या जोडांत होता, असे मानणे सयुक्तिक वाटते. पॅडमुळे तापमानाचे चढउतार वाढले आणि जोड लवकर तुटले, एवढेच त्याच्याकडे येते. तांब्याची चकती चिपेचे आयुष्य लांबवी, तुटलेला जोड मात्र तिने सांधला जात नसे.

पेस्ट आणि पॅड यांच्यामधला तिसरा प्रकार म्हणजे अवस्थांतर होणारे पॅड. हनीवेल कंपनीचा पीटीएम ७९५० हा त्यातला बहुचर्चित. थंड असताना तो सुमारे पाव मिमी जाडीचा पातळ पत्रा असतो, ४५ अंशांच्या आसपास मऊ होतो आणि दाबाखाली पसरून पेस्टसारखा पातळ थर बनतो. नावाने पॅड असला तरी तो डायवरच लावायचा, मेमरीच्या फटीत नव्हे. घट्ट असल्यामुळे तो कडेला सहज सरकत नाही. ज्याला दर दोन वर्षांनी लॅपटॉप उघडायचा नाही, त्याने पेस्टऐवजी हाच निवडावा. बसवल्याबरोबर तापमान थोडे चढे दिसते, काही वेळा तापून निवल्यावर ते खाली येते. पहिल्याच तासात त्याला नापास ठरवू नये.

बदलण्याच्या कामात आधी बॅटरीची जोडणी सुटी करावी. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे ठोकलेले असतात. घट्ट करताना तोच क्रम ठेवावा आणि सोडवताना उलटा. डाय ठिसूळ असतो, एकाच बाजूने आवळल्यास त्याचा कोपरा उडतो. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. उघड्या डायवर पेस्टचा ठिपका सोडून न देता पूर्ण पृष्ठभागावर पातळ थर पसरावा, कारण कोरडा राहिलेला कोपरा वाचवायला वर झाकण नसते. पॅडची जाडी मोजताना जुन्या पॅडच्या दबलेल्या मध्यावर भरवसा ठेवू नये. चिपेच्या बाहेर लोंबणारी, न दबलेली कड व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. शंका असल्यास नवे पॅड बसवून डायवर थोडी पेस्ट लावावी, हीटसिंक आवळून पुन्हा उचलावी आणि ठसा पाहावा. डायचा पूर्ण आयत पातळ व सारखा उमटला, तर पॅडची जाडी बरोबर आहे. अर्धाच उमटला किंवा मध्ये जाड गोळा राहिला, तर पॅड पातळ घ्यावा.

काम साधले की नाही, हे केवळ कमाल तापमानावरून कळत नाही, कारण बरेच प्रोसेसर १०० अंशांजवळ पोचताच वेग उतरवून तापमान तिथेच रोखतात. लिनक्सवर lm-sensors बसवलेले असल्यास `sensors` ही आज्ञा प्रोसेसरचे तापमान दाखवते. पूर्ण भार देताच एक-दोन सेकंदांत ते नव्वदीपलीकडे उडाले आणि बाहेर येणारी हवा कोमटच असली, तर डाय आणि तांबे यांच्यातला थर बिघडलेला आहे. हवा कढत येत असेल आणि तापमान मिनिटभरात सावकाश चढत असेल, तर पेस्टला दोष देऊ नये. अशा वेळी बहुधा पंख्यापुढच्या जाळीत धुळीचा नमदा साचलेला असतो.